पन्नासचं दार

भीती वाटली की माझी बोटं गार पडतात. वर्ध्याच्या मे महिन्यातही पडतात, हे मला त्या ऑफिसात कळलं. बाहेर रस्त्यावरची कुत्री सावली सोडायला तयार नव्हती, आणि मी आत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. समोरच्या कागदावर मी नुकताच एक गुणाकार केला होता. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. दुसरीतल्या पोराला येतो तो, आणि मला तो करायला दोन महिने उशीर झाला होता.

ऑफिस म्हणजे बी-बियाण्यांच्या दुकानावरच्या तीन खोल्या. जिना बाहेरून, लोखंडी, दुपारी कठडा धरायची सोय नाही. मालक पुण्यात काही वर्षं नोकरी करून परत आला होता. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. रंगीत स्क्रीनचे, कीपॅडचे फोन तेव्हा घरोघरी पोचले होते आणि त्या फोनांवरचे गेम आम्ही बाहेरदेशीच्या एका कंपनीसाठी बनवायचो. मी घरी हे सांगितलं तेव्हा वडील, जे दिवसभर आमच्या दुकानात तोंडी हिशोब करत आणि मलाही तेच शिकवत, एवढंच म्हणाले, "म्हंजे लोकायच्या पोरायचं डोस्कं खराब करून राह्यली तू." पण अडवलं नाही. आकड्यांत माझी मुलगी चुकत नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. मीही तेच समजून होते. माझ्या गणिताची मला घमेंड होती, हे आधीच कबूल करून टाकते.

त्या वर्षीचा आमचा गेम एका खारीचा होता. खार पळते, उड्या मारते, बिया गोळा करते. त्यातलं अंगण माझं होतं. कंपनीची माणसं त्याला हब म्हणायची, आम्ही पहिल्या दिवसापासून अंगणच म्हणालो. अंगणात खार मरत नाही. तिथे काटे नाहीत, साप नाही, घड्याळ नाही, संगीतही जरा निवांत. नुसतं फिरायचं आणि कुठल्या दारातून आत जायचं ते ठरवायचं. चार दारं होती. दार उघडून आत गेलं की लेव्हल निवडायची पाटी यायची. ओळीने चौकोन, प्रत्येक चौकोनाखाली तीन चांदण्या. मिळालेली चांदणी भरीव, न मिळालेली पोकळ.

एक चांदणी शेवटापर्यंत पोचल्याची, एक सगळ्या बिया वेचल्याची, एक ठरलेल्या वेळात पळाल्याची. तिन्ही एकाच खेपेत मिळवायची सक्ती नव्हती. आज हळूहळू जाऊन बिया वेचा, उद्या बिया सोडून नुसते पळत सुटा. एकदा मिळालेली चांदणी जात नसे आणि तीच पुन्हा मिळवली म्हणून बेरीज वाढत नसे. ही बेरीज अंगणात वरच्या कोपऱ्यात दिसायची आणि दारांवर आकडे असायचे. पहिलं दार उघडंच. दुसऱ्यावर दहा, तिसऱ्यावर बावीस. म्हणजे जवळ तेवढ्या चांदण्या असल्या तर दार उघडणार. पहिल्या दारामागे अठरा मिळण्यासारख्या असताना दहाच मागायच्या, म्हणजे एखादी लेव्हल नाहीच जमली तरी माणूस अडून बसत नाही, दुसरीकडून भरपाई करतो. हे मला फार आवडायचं. शाळेत एका विषयात गटांगळ्या खाल्ल्या की वर्ष जायचं. माझ्या अंगणात तसं नव्हतं.

चौथं दार घारीच्या घरट्याचं, शेवटचं. तिथे मी बेचाळीस लिहिलं होतं. कंपनीला गेम लवकर संपायला नको होता, म्हणून वाढवून पन्नास केलं. आधीच्या तीन दारांमागे सहा-सहा लेव्हलच्या तीन दुनिया, अठरा लेव्हल, चोपन्न चांदण्या. त्यातल्या पन्नास मागितल्या. चार माफ.

गेम तपासायला दादाने स्वतःच्या काकांना बसवलं होतं. वय सत्तरीच्या अलीकडे. मूळचे आष्टीचे, पोस्टात पत्रं वेगळी करण्यात सगळी नोकरी गेलेली. गिचमिड अक्षरातला पिनकोड नुसता पाहून ओळखायचे म्हणे. आयुष्यात कधी गेम खेळलेले नव्हते आणि दादाला नेमकं तेच हवं होतं. आम्ही बाकीचे अंगणात उभं राहून तारा-सात-तारा ही बटणं दाबायचो की चारही दारं सताड उघडी. ही चोरकिल्ली आमच्या सोयीसाठी ठेवलेली, कंपनीला पाठवताना काढून टाकायची. तिच्यामुळे कोणतीही लेव्हल पाच सेकंदांत तपासता यायची. पण एकेक चांदणी मिळवत, सरळ रस्त्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत जाणारा माणूस एकच, काका. सकाळी दहाला डबा घेऊन यायचे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि पाच वाजता उठायचे. आम्ही त्यांची खूप थट्टा करायचो. "काका, खार म्हातारी झाली तुमची," असं मीच एकदा म्हटलं होतं. ते हसायचे आणि वहीत लिहायचे.

ती वही शंभर पानी, खिशात मावेल एवढी, लाल पुठ्ठ्याची. दर लेव्हलला एक ओळ, तीन रकाने, चांदणी मिळाली की बरोबरची खूण आणि बाजूला किती खेपा लागल्या तो आकडा. पळायच्या चांदण्यांपुढे सत्तर, नव्वद, एकदा एकशे तीस. अंगठ्याला चिकटपट्टी लावून खेळलेला माणूस आहे तो.

मार्चमध्ये कंपनीचा निरोप आला की गेम छोट्या, साध्या फोनांवरही चालला पाहिजे, आणि त्या फोनांत जागा फारच कमी. मग काटछाट सुरू झाली. संगीताचा अर्धा भाग गेला, घारीचा एक पंख हलायचा बंद झाला, चांदण्या इतक्या बारीक झाल्या की भरीव कुठली आणि पोकळ कुठली हे डोळे बारीक केल्याशिवाय कळेना. तरीही मावेना, तेव्हा तिसऱ्या दुनियेतल्या दोन लेव्हल काढून टाकल्या. मीच काढल्या. लेव्हलची फाइल वेगळी होती आणि दारांच्या आकड्यांची वेगळी. दारांची फाइल मोठ्या आणि छोट्या फोनांना एकच. ती मी उघडलीसुद्धा नाही.

काका छोट्या फोनवर खेळायचे. त्याची बटणं टणक होती, त्यांना ती आवडायची.

मेच्या सुरुवातीला ते माझ्या टेबलाशी आले. "पोरी, सगळं झालं. पण ते शेवटचं दार उघडूनच नाई राह्यलं."

"किती झाल्या काका?"

"अठ्ठेचाळीस. पन्नास मांगते."

मी मान वर केली नाही. मोठ्या फोनच्या घारीने मला वैताग आणला होता. "मंग दोन राहिल्या असतील ना कुठंतरी. बारीक आहेत चांदण्या. नीट पाहा."

"मले तं सगळ्या भरलेल्याच दिसतात."

"दिसतात काका. असतीलच असं नाही."

हे वाक्य मी किती सहज बोलले. आज लिहितानाही कानशिलं तापतात. ते "बरं" म्हणाले आणि खिडकीत जाऊन पहिल्या लेव्हलपासून पुन्हा सुरू झाले. भरलेली चांदणी पुन्हा मिळवली तर काहीच होत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण कुठली भरलेली आणि कुठली नाही यावर आता त्यांचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून सगळ्याच पुन्हा. सोळा लेव्हल, तिन्ही चांदण्या. नऊ दिवस. मधल्या काळात ते एकदा सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊन डोळे दाखवून आले आणि नवा चष्मा लावून बसले. "नंबर थोडासाच वाढला म्हने," ते मला म्हणाले. "पण म्या म्हनलं, द्याच." नव्या चष्म्यातूनही अठ्ठेचाळीसच.

नवव्या दिवशी दादा मला बाहेर जिन्यावर घेऊन गेला. तो नेहमी मोठ्याने बोलणारा माणूस, त्या दिवशी आवाज खाली होता.

"काकाचं काही लक्षात येऊन राह्यलं का तुह्या?"

मी म्हटलं, "काय?"

"माह्या बाबाचंही असंच सुरू झालतं. पहिले आकडे गेले. मंग रस्ते. शेवटी घरच्या अंगणात उभं राहून मले इचारे, का हे कोनाचं घर होय." बाबा म्हणजे काकांचा मोठा भाऊ. "शनवारी गेम पाठवायचा आहे. तोपर्यंत काकाचं नाही झालं तं मी त्याले घरी बसवतो. नागपूरले दाखवतो. तू फक्त पाय, कुठल्या दोन चांदण्या सुटून राह्यल्या त्याच्या. मले समजू दे का किती बिघडलं."

मी आत आले. काका डबा घेऊन खालच्या दुकानदाराकडे गेले होते, रोज दुपारी दोघं मिळून जेवायचे. त्यांची वही आणि फोन खिडकीत पडला होता. मी लेव्हलची यादी काढली, वहीतल्या खुणा जुळवायला लागले, आणि यादी संपली तेव्हा वहीतल्या ओळीही संपल्या होत्या. सोळा ओळी. एकही रकाना मोकळा नाही. मग मी तो गुणाकार केला.

सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. दार पन्नास मागतं. त्या फोनात पन्नास चांदण्या नव्हत्याच. जगातला कोणताही माणूस ते दार उघडू शकला नसता. दारावरचा आकडा म्हणजे खेळणाऱ्याला दिलेला शब्द असतो, की एवढं कर, मी उघडेन. माझं दार नऊ दिवस एका म्हाताऱ्याशी खोटं बोलत होतं आणि तो स्वतःचे डोळे तपासून आला होता.

आता खरं सांगते, त्या क्षणी मला काकांची दया आली नाही. मला माझीच भीती वाटली. तपासणीच्या कागदावर एक ओळ होती, "नव्याने सुरू करून, चोरकिल्ली न वापरता, शेवटपर्यंत खेळून पाहिलं." गेम संपल्याशिवाय काका तिथे सही करायला तयार नव्हते, म्हणून मोठ्या फोनवरून अंदाज घेऊन ती सही मी ठोकून मोकळी झाले होते. दादा तो कागद पाहणार. नोकरी जाणार. वडील गिऱ्हाइकांना काय सांगणार? बोटं गार पडली ती तेव्हा.

त्याच वेळी एक सोपा रस्ता दिसला, आणि भ्यालेल्या माणसाला सोपा रस्ता फार स्वच्छ दिसतो. दारांच्या फाइलची छोट्या फोनांसाठी वेगळी प्रत केली. पन्नास खोडून चव्वेचाळीस लिहिलं. मोठ्या फोनवर चार माफ होत्या, इथेही चार माफ. अगदी न्यायाचं. गेम पुन्हा तयार केला आणि तो चढवायला काकांचा फोन केबलला लावला.

फोनने विचारलं, जुनी माहिती ठेवायची का? हो आणि नाही. नाही दाबलं असतं तर अठ्ठेचाळीस चांदण्या, नव्वद आणि एकशे तीस खेपा, सगळं पुसलं गेलं असतं. मी प्रश्न दोनदा वाचला आणि हो दाबलं. अंगण आलं. कोपऱ्यात अठ्ठेचाळीस. दारावर चव्वेचाळीस. खार जवळ नेली तर दार उघडलं. मी तिला मागे फिरवून अंगणाच्या मधोमध आणून ठेवली, जशी होती तशी, आणि फोन खिडकीत ठेवून माझ्या जागेवर येऊन बसले. थोड्या वेळाने जिन्यावर चपला वाजल्या.

काका बसले. चष्मा पुसला. फोन उचलला. थोड्या वेळाने म्हणाले, "उघडलं."

सगळे धावले. दादा आतल्या खोलीतून आला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला, लहान पोरासारखा सुटला होता. "पायलं? म्हनलं होतं ना, सुटली असन एखादी!" त्याने काकांच्या पाठीवर थाप मारली आणि खालून आलूबोंडे मागवले. मी दोन खाल्ले. चव आठवत नाही. मनात म्हणत होते, सुटलो. काका सुटले, मी सुटले, गेम सुटला. कोणाचं काय बिघडलं?

काका मात्र दाराच्या आत गेले नव्हते. वही उघडून बसले होते. सगळे आपापल्या जागी गेल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"पोरी, या दारावर किती लिवलं हाय?"

"चव्वेचाळीस, काका."

"पयल्यापासून?"

वहीच्या त्या पानावर त्यांनी पन्नास लिहिलं होतं. रोज एकदा, नऊ वेळा, एकाखाली एक. माझ्याकडे तेव्हा वेळ होता. निदान दोन श्वास घेण्याइतका नक्की होता.

"हो," मी म्हटलं. "पयल्यापासून."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मग वही मिटली. "असं होय," एवढंच म्हणाले. घारीचं घरटं त्यांनी त्या दिवशी खेळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. दादा म्हणाला, थकले असतील. माझं कामात लक्ष नव्हतं. प्रत्येक वेळी जिना वाजला की माझी मान वर व्हायची. वीज गेली, इन्व्हर्टरवर पंखा कुंथत राहिला, आणि मी त्या रिकाम्या खुर्चीकडे न पाहता दिवस काढला. रात्री जेवताना आईने विचारलं, ताप आहे का. मी नाही म्हटलं.

शुक्रवारी सकाळी ते आले, पण डबा नव्हता. फोन, चार्जर आणि नवा चष्मा, तिन्ही एका पिशवीत. ते दादाच्या टेबलासमोर उभे राहिले आणि आमच्या सगळ्यांच्या देखत बोलले. लपवून ठेवणारा माणूसच नव्हता तो.

"मी आता येत नाई. तू मले नागपूरले दाखव."

"काऊन काका? झालं ना पूर्ण."

"आकडा पायले जमला नाई मले. चव्वेचाळीसले नऊ दिवस पन्नास वाचलं. डोये चांगले हायत, डाक्टरनं सांगतलं. म्हंजे डोयाचं नोय हे." ते हळू बोलत होते, पण आवाज धड नव्हता. "जनमभर आकडेच वाचले रे म्या. तुह्या बाबाले जे झालं तेच होय हे. मले समजते. मी पायलं हाय त्याले."

दादाने पिशवी घेतली आणि तो ती छातीशी धरून उभा राहिला. मला वाटलं होतं की ऑफिसात सगळ्यांत जास्त भ्यालेली मी आहे. काय अक्कल! त्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझी भीती मलाच क्षुल्लक वाटली. तरी ती गेली नाही. काका वळले, जिन्याकडे गेले, आणि मी खुर्चीतच. पहिली पायरी वाजली, दुसरी वाजली. प्रत्येक पायरीला मी स्वतःला सांगत होते, आता ऊठ. सातवी वाजली तेव्हा उठले.

जिन्याच्या मध्यावर गाठलं. कठडा पोळत होता, मी तो घट्ट धरला.

"काका, पन्नासच होतं."

ते थांबले. वर पाहिलं.

"दारावर पन्नासच होतं. तुम्ही बरोबर वाचलं. चांदण्याच अठ्ठेचाळीस होत्या. दोन लेव्हल मी काढल्या न् दार बदलायचं विसरले. मग तुम्ही जेवायला गेलते तेव्हा मी बदललं. चोरून. तुम्ही विचारलं तं खोटं बोलले." एवढं एका दमात बोलून मी रडायला लागले. रडणं मला शोभत नाही, पण थांबवता येईना.

ते दोन पायऱ्या वर आले. ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पन्नास होतं?"

"हो."

"तुले पक्कं माईत हाय?"

"मीच लिहिलं होतं काका."

त्यांनी खिशातून वही काढली. वही पिशवीत घातली नव्हती. ते पान उघडलं, नऊ पन्नासांच्या खाली बोट ठेवलं आणि पेन पुढे केलं. "इथं लिव. सही कर."

पोस्टातला माणूस. मी कठड्यावर वही टेकवून लिहिलं, दारावर पन्नास होते, चूक माझी. सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. त्यांनी ते वाचलं, मग पायरीवर बसले, त्या तापलेल्या लोखंडावर, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"दोन दिस," ते हातांच्या आतून म्हणाले. "दोन दिस म्या घरातल्या सगळ्यायची नावं घोकून पायली पोरी. इसरलो तं नाई म्हनून."

मी त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने तेच उठले. "चाल वर. त्याले सांगू."

वर दादाला मी सगळं पुन्हा सांगितलं, सहीसकट. तो रागावला, आणि चांगलाच रागावला, पण ते दुपारनंतर. आधी त्याने फक्त एकच विचारलं, काकांनी विचारलं होतं तेच. "पन्नासच होतं?" मग तो माझ्याकडे नाही, काकांकडे पाहत राहिला.

काकांनी पिशवीतून फोन काढून माझ्यापुढे धरला. "मले ते पन्नास पुन्हा दाखव. शनवारच्या आधी."

जुना गेम माझ्या मशिनवर होता. मी केबल लावली. फोनने आधी कुरकुर केली की ही जुनी आवृत्ती आहे, मग विचारलं, माहिती ठेवायची का. या वेळी काकांनीच हो दाबलं. अंगण आलं. ते निवांत संगीत वाजलं, अर्धंच. खार मधोमध उभी होती. काकांनी तिला चालवत शेवटच्या दाराशी नेलं. दार उघडलं नाही.

त्यांनी नवा चष्मा पिशवीतच राहू दिला, खिशातला जुना लावला.

"पन्नास," काका म्हणाले.

दादा त्यांच्या खांद्यावरून वाकला. त्याला ते वाचायला जरा वेळ लागला, कारण त्याचे डोळे भरले होते.

"पन्नास," तो म्हणाला. "पन्नासच होय, काका."

आणि आम्ही तिघं कितीतरी वेळ त्या बंद दाराकडे पाहत उभे राहिलो.